जुन्या नकाशांत चौल जागेवर, पण दीव सरकलेलं : हे असं कसं?

उंडगा_पुणेकर | १५ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, गेल्या महिन्यात रेवदंड्याला गेलो होतो. कोर्लईचा किल्ला केला, आल्यावर नेटवर पोर्तुगीजांचे जुने सागरी नकाशे बघत बसलो ते रात्रीचे दोन वाजले. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. त्या लोकांकडे जीपीएस नाही, धड घड्याळ नाही, तरी गोवा, दाभोळ, चौल, वसई ही ओळ उत्तर-दक्षिण बघितली तर बऱ्यापैकी जिथल्या तिथे. पण आडवं बघायला गेलं की गडबड, काठेवाड भलतीकडेच सरकलेलं आणि खाड्या अशा काढल्यात की प्रत्येकीत बृहन्मुंबई मावेल. म्हणजे एका दिशेने हुशार आणि दुसऱ्या दिशेने ढ असं कसं?

म्हटलं आपणच करून बघू. आज गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली, बरोब्बर बाराच्या ठोक्याला सावली मोजली, ८७.५ सेंमी. त्यावरून सूर्याची उंची आली पावणेएकोणपन्नासच्या वर, ४८.८ अंश धरा. सूर्य आज विषुववृत्ताच्या दक्षिणेला २१.२ अंश आहे. तर ९० वजा ४८.८ वजा २१.२ म्हणजे अक्षांश २०. पुणं आहे साडेअठरावर! माझं घर थेट नाशकात गेलं. बायको म्हणाली चला बरं झालं, द्राक्षं स्वस्त मिळतील.

कुठे चुकलं?

---

राजस_ठाणे | १५ जानेवारी, रात्री १०:०५

सूर्याच्या भानगडीत कशाला पडायचं राव. रात्री ध्रुवतारा बघायचा, क्षितिजापासून जितके अंश वर तितका तुमचा अक्षांश. पुण्यात साडेअठरा, दिल्लीत साडेअठ्ठावीस. सहावीच्या भूगोलात आहे हे. खलाशी तेच करायचे, त्यात कसलं गूढ?

---

अगस्ती | १५ जानेवारी, रात्री ११:२०

राजस, हे आज चालतं, कारण आज ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्याही आत आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो त्यामुळे हे अंतर शतकागणिक बदलतं. १५०० च्या सुमारास ते जवळजवळ साडेतीन अंश होतं. म्हणजे त्या काळी ध्रुवही रात्रभर एक छोटं वर्तुळ मारायचा, कधी ध्रुवबिंदूच्या वर तर कधी खाली.

आता चौलला लावून बघा. चौल १८ अंश ३३ मिनिटं. तारा वर्तुळाच्या तळाशी असताना कोणी मोजला आणि तोच आकडा अक्षांश म्हणून लिहून टाकला तर येणार पंधरा-सव्वापंधरा. म्हणजे चौल गोव्याच्या दक्षिणेला! आणि तोच खलाशी बारा तासांनी मोजेल (दिसला तर) तर चौल पार बावीसवर, सुरतेच्याही वर.

मग ते काय करायचे? ध्रुवाच्याच तारकासमूहात दुसऱ्या टोकाला दोन ठसठशीत तारे आहेत, पोर्तुगीज खलाशी त्यांना रखवालदार म्हणायचे. ते ध्रुवाभोवती घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात. आकाशात एक माणूस उभा आहे अशी कल्पना करायची, डोकं वर, पाय खाली, दोन हात बाजूला. रखवालदार डोक्याशी आहेत की डाव्या हाताशी की पायाशी हे बघायचं आणि त्याप्रमाणे ठरलेला आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा. आठ जागा, आठ आकडे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही पाठ होईल असा नियम.

पण विषुववृत्त ओलांडलं की ध्रुव क्षितिजाखाली, संपला खेळ. पोर्तुगीज आफ्रिकेच्या कडेने दक्षिणेला उतरायला लागले तेव्हा हाच प्रश्न आला, म्हणून त्यांना सूर्याकडे वळावं लागलं. १४८५ मध्ये पोर्तुगालच्या राजाने जुझे व्हिझिन्यू नावाच्या माणसाला मुद्दाम गिनीच्या किनाऱ्यावर सूर्य मोजायला धाडलं होतं. सूर्य रोज किती अंश उत्तरेला-दक्षिणेला असतो याचे तक्ते झाकूत या ज्यू ज्योतिर्विदाच्या कामावरून तयार झाले. उंडगासाहेबांनी गच्चीवर वापरला तो २१.२ चा आकडा त्याच जातीचा.

तुमच्या नाशिकचं उद्या सांगतो, सोपं आहे. आता झोपतो.

---

सातबारा_पीडित | १६ जानेवारी, सकाळी ७:१५

चांगला विषय. माझाही असाच प्रश्न आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आमची गावाकडे दीड एकर जमीन आहे, मोजणी झाली तेव्हा नकाशात बांध आठ फूट शेजाऱ्याकडे दाखवलाय. आकार बरोबर आहे, चारही बाजूंची लांबी बरोबर आहे पण अख्खा तुकडाच सरकलाय. फेरमोजणीला अर्ज केला तर दोन वर्षं तारीख पे तारीख. अक्षांशावरून हद्द सिद्ध करता येईल का?

---

उंडगा_पुणेकर | १६ जानेवारी, सकाळी ९:००

@सातबारा_पीडित, काका हा धागा जुन्या सागरी नकाशांचा आहे हो 😅 मोजणीचा वेगळा धागा काढा, लोक सांगतील.

---

अगस्ती | १६ जानेवारी, दुपारी १:३०

राहू दे, काकांचं उदाहरण कामाचं आहे. (काका, अक्षांशाने आठ फूट सिद्ध होणार नाहीत, त्याला चांगली मोजणीच लागेल.) आकार बरोबर पण अख्खा तुकडा सरकलेला, याचा अर्थ आतली मापं ठीक पण सुरुवातीचा दगड चुकीचा धरला. खलाशांच्या माहितीत नेमकं हेच व्हायचं. एका बंदरापासून पुढच्या बंदरापर्यंत दिशा आणि अंतर ते बरं सांगत, पण ते सगळं एकापुढे एक जोडत गेलं की चूक साठत जाते. अक्षांश म्हणजे मधे मधे ठोकलेले पक्के दगड. त्यांच्यामधला किनारा ताणून किंवा दाबून बसवायचा.

आता नाशिक. तुम्ही घड्याळाचे बारा धरलेत. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर, पुणं त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला, म्हणजे सूर्य आपल्याकडे जवळपास ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. शिवाय जानेवारीत सूर्य स्वतःच नऊ-दहा मिनिटं मागे असतो. तेव्हा काल पुण्यातली खरी मध्यान्ह होती १२:४४ ला. तुम्ही बाराला मोजलंत तेव्हा सूर्य अजून चढत होता. पाऊण तास थांबला असतात तर सावली ८३ च्या आसपास मिळाली असती, उंची ५०.३ आणि अक्षांश साडेअठरा.

खलाशाला ही अडचण नव्हती कारण त्याच्याकडे घड्याळच नव्हतं. तो साडेअकरापासून दर थोड्या वेळाने मोजत राहायचा, उंची वाढत वाढत जाते, थबकते, उतरायला लागते. जो सगळ्यात मोठा आकडा तो मध्यान्हीचा. किती वाजले याच्याशी देणंघेणं नाही.

---

उंडगा_पुणेकर | १६ जानेवारी, दुपारी २:१०

अरे देवा. म्हणजे घड्याळ होतं म्हणून चुकलो!

---

गणितानंद | १६ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

या सगळ्यात आपल्याकडचं कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहितो. आपल्या पंचांगात पलभा दिलेली असते. बारा अंगुळांचा शंकू, विषुवदिनी मध्यान्हीला त्याची सावली किती अंगुळं पडते ती पलभा. पुण्याची जवळजवळ बरोब्बर चार. चार भागिले बारा, त्यावरून कोन काढा, साडेअठरा येतो की नाही बघा. हे आपल्या ज्योतिषांना पोर्तुगीज यायच्या कित्येक शतकं आधी ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी येऊन अक्षांश 'शोधला' वगैरे म्हणू नये.

---

अगस्ती | १६ जानेवारी, रात्री ९:३०

शोधला असं मी तरी म्हटलं नाही, आणि पलभेबद्दल तुमचं बरोबरच आहे. ग्रीकांकडेही शंकूच होता. पण पलभा म्हणजे विषुवदिन, स्थिर जमीन आणि निवांत माणूस. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी हलत्या गलबतावर शंकू कुठे उभा करणार? रोजचा तक्ता आणि लोंबकळत ठेवता येईल असं यंत्र, ही खलाशाची गरज होती.

यंत्राचंही ऐका. वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीतलं एक जहाज १५०३ मध्ये ओमानजवळ बुडालं, त्याच्या अवशेषांत एक पितळी-कांशाची चकती सापडली, साडेसतरा सेंमी व्यासाची. खलाशी वापरायचे त्या ॲस्ट्रोलेबपैकी सापडलेली ही सगळ्यात जुनी. लेझरने तपासल्यावर तिच्यावर पाच-पाच अंशांच्या रेघा दिसल्या. आता हिशोब करा, एवढ्या चकतीच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. आणि जमिनीवर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. नखाच्या जाडीत अर्धा रायगड जिल्हा!

म्हणून गामाने १४९७ च्या नोव्हेंबरात आफ्रिकेच्या टोकाजवळ सेंट हेलेना उपसागरात गलबतं थांबवून किनाऱ्यावर उतरून सूर्य मोजला, तिथे लाकडाची भली मोठी चकती होती, तीन वीत व्यासाची, तीन खांबांच्या तिकाटण्याला टांगलेली. व्यास जितका मोठा तितक्या रेघा लांब लांब. आणि सूर्याकडे बघायचंच नाही, फिरत्या पट्टीवर दोन छिद्रं असतात, वरच्या छिद्रातून आलेला उन्हाचा ठिपका खालच्या छिद्रावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची.

तर नियम असा की बंदरात उतरून मोजलेला अक्षांश खरा, डेकवरचा 'असेल बुवा'. तुमचं चौल जागेवर का, तर तिथे लोक उतरत होते, पुन्हा पुन्हा.

---

बंदरपाखाडी | १७ जानेवारी, सकाळी ६:२०

आम्ही हर्णैचे. माझे वडील चाळीस वर्षं होडीवर तांडेल होते, चौथी शिकलेले, नकाशा कधी हातात धरला नाही. त्यांचं सगळं डोंगरावर असायचं. अमुक डोंगराची सोंड देवळाच्या कळसावर आली आणि तिकडे किल्ल्याचा बुरूज खडकाच्या मागे गेला की इथे जाळं टाकायचं, तिथेच मासळी. पाणी किती तर वाव मोजायचे दोरीने, हात पसरून एक वाव. दोरीला शिसं, शिशाच्या बुडाला चरबी लावलेली, वर आलं की चिखल चिकटलाय की वाळू की शिंपले ते बघून सांगायचे आपण कुठे आहोत. अंधारात सुद्धा. धुक्यात मी घाबरायचो, ते चिखल बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, आलं घर.

मला विचारायचंय की पोर्तुगीजांना हे सगळं कुणी सांगितलं असेल? का आमच्यासारख्यांनीच?

---

अगस्ती | १७ जानेवारी, सकाळी १०:५०

पाखाडी, काय सुंदर लिहिलंत. आणि तुमच्या वडिलांचंच काम एका पोर्तुगीजाने हर्णैवरूनच पुढे जाताना कागदावर केलेलं आहे. दों जुआंव द कास्त्रो. पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला, पण तेव्हा नव्हता. दीवला वेढा पडला होता म्हणून गोव्याहून आरमार निघालं, त्याबरोबर हा गेला, नोव्हेंबर १५३८ ते मार्च १५३९. लढाई बाजूला आणि हा पठ्ठ्या प्रत्येक खाडीचं तोंड, खडक, खोली, भरती-ओहोटी लिहीत बसलाय. बंदरांची चित्रं आहेत. घारापुरीची लेणी सुद्धा बघून त्यावर लिहिलंय.

ते करताना पद्धत साधारण अशी. बंदरात उतरायचं, मध्यान्हीला सूर्य मोजायचा. शक्यतो एकापेक्षा जास्त माणसांनी. लिस्बनहून येतानाच त्याने हे सुरू केलं होतं, जहाजावरचे वेगवेगळे लोक एकाच वेळी मोजायचे आणि आकडे जुळायचे नाहीत, ते न जुळणारे आकडे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेत. मग बंदरापासून पुढच्या टोकाची होकायंत्रावरची दिशा, अंदाजे अंतर, तोंडाशी किती पाणी, आत शिरताना कुठला डोंगर कशाच्या रेषेत धरायचा. हे शेवटचं तुमच्या वडिलांच्या वहीतलंच, फक्त त्यांची वही डोक्यात होती. स्थानिक माणसांना विचारल्याशिवाय कुठल्याही परक्याला खाडीत शिरता येत नव्हतं हे तर उघडच आहे.

खाड्या एवढ्या मोठ्या का, त्याचंही उत्तर यातच आहे. खलाशाला दोन खाड्यांमधल्या कड्याचं काय करायचंय? त्याला पाणी, निवारा आणि बाजार खाडीत मिळतो. तो तिथलं दहा वाक्यं सांगणार आणि मधल्या पंधरा मैलांचं 'उंच किनारा, खडक' एवढंच. नकाशावाला लिस्बनमध्ये बसून त्या दहा वाक्यांना कागद देतो. मधली जागा मग कमानी कमानी काढून भरायची.

---

उंडगा_पुणेकर | १७ जानेवारी, सकाळी ११:३०

भारी! पण मग मूळ प्रश्न, दीव का सरकतं?

---

अगस्ती | १७ जानेवारी, दुपारी ४:००

दोन जोड्या घेऊ. अक्षांश आजचे वापरतो म्हणजे गोंधळ नको.

दाभोळ ते चौल. दाभोळ १७ अंश ३५ मिनिटं, चौल १८ अंश ३३ मिनिटं, फरक अंशाला दोन मिनिटं कमी. पोर्तुगीज एका अंशाला साडेसतरा लीग धरायचे, म्हणजे हे झाले सतरा लीग. समजा तांडेल म्हणाला वीस. त्याचं काही चुकलेलं नसतं, वळणं घेत घेत तो वीसच चाललेला असतो. पण दोन्ही टोकांना अक्षांश ठोकलेले आहेत आणि किनारा जवळजवळ सरळ उत्तरेला जातो, त्यामुळे नकाशावाला गुपचूप वीसाचे सतरा करतो आणि सगळं जागेवर बसतं. कोकण किनारा नकाशावाल्यासाठी देवाची देणगी आहे.

आता वसई ते दीव. खंबातच्या आखाताच्या तोंडावरून तिरकं जायचं, मधे किनारा नाही, भरतीचे प्रवाह असे की बोट आडवी ढकलली जाते. अक्षांशांतला फरक साधारण १५४ किलोमीटरचा, तो सूर्य सांगेल. पण दीव पश्चिमेला किती, हे सूर्य सांगत नाही. ते काढायचं होकायंत्राच्या दिशेवरून. खलाशी म्हणाला 'वायव्य', तर नकाशावाला जितकं वर तितकंच डावीकडे जाणार, १५४ किमी. खरं अंतर १९० च्या आसपास. खरी दिशा वायव्येपेक्षा फक्त सहा अंश पश्चिमेला कललेली आहे. होकायंत्रावर दोन खुणांमधलं अंतर सव्वाअकरा अंश, म्हणजे अर्ध्या खुणेची चूक आणि दीव ३५ किलोमीटर सरकलं. अक्षांश मात्र अचूक! म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

---

राजस_ठाणे | १७ जानेवारी, संध्याकाळी ५:१५

सहा अंश तर होकायंत्रच चुकत असेल की. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळी असते ना?

---

अगस्ती | १७ जानेवारी, रात्री ८:४०

शाब्बास, या वेळी पूर्ण बरोबर 🙂 सुई किती ढळते हे जागेगणिक बदलतं आणि कास्त्रो त्याच्याच मागे लागला होता. पेद्रू नुनिश या गणितज्ञाने सुचवलेलं यंत्र त्याच्याकडे होतं, मधे उभी सळई, खाली होकायंत्र. सकाळी सूर्य ठरावीक उंचीवर असताना सावलीची दिशा टिपायची, दुपारनंतर सूर्य त्याच उंचीवर आला की पुन्हा टिपायची. दोन्हींच्या बरोब्बर मधोमध खरी उत्तर. (गणितानंद, तुमच्या शंकूचाच हा भाऊ.) सुई त्यापासून किती हटली ते वाचायचं.

आणि २२ डिसेंबर १५३८ ला वसईजवळ गंमत झाली, सुई वेडीवाकडीच दाखवायला लागली. आजूबाजूच्या खडकांचा हा परिणाम असं त्याने ताडलं. आपला काळा बसाल्ट, त्यात लोहचुंबकी खनिज असतंच.

---

गणितानंद | १७ जानेवारी, रात्री १०:१०

पण खडकच कशावरून? आरमारात होता ना, जहाजावर तोफा, नांगर, लोखंडच लोखंड. खडकावर खापर फोडणं सोपं आहे.

---

अगस्ती | १७ जानेवारी, रात्री १०:५५

तोफेची शंका त्यालाही माहीत होती. त्याच वर्षी लिस्बनहून येताना जवळच्या तोफेने सुई ओढली गेल्याचं त्यानेच नोंदवलंय. म्हणून वसईला तो सावध असणार असं मला वाटतं. पण नेमका कुठल्या खडकावर उभा होता ते ठरवून आज तिथे होकायंत्र नेल्याशिवाय तुमचं माझं पटणार नाही.

---

बंदरपाखाडी | १८ जानेवारी, सकाळी ६:०५

खडकाचं मी मानतो. आमच्याकडे काही ठिकाणी होकायंत्रावर भरवसा ठेवायचा नाही असं वडील सांगायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, डोंगर बघ ना, सुई कशाला बघतोस.

---

सातबारा_पीडित | १८ जानेवारी, सकाळी ८:३०

म्हणजे आमच्या मोजणीत सुरुवातीचा दगडच चुकला असणार, हे मला पटलं. तो दगड कुठला धरला हे कागदावर लिहिलेलं असतं का?

---

उंडगा_पुणेकर | १८ जानेवारी, दुपारी २:२०

काका, लिहिलेलं असायला हवं, नक्कल मागवा.

आज रविवार, पुन्हा गच्चीवर. साडेबारापासून दर पाच मिनिटांनी खडूने खूण केली. सावलीचं टोक इतकं पुसट असतं की एक सेंमी इकडे की तिकडे यावरच पोरीशी भांडण, आणि अगस्तींच्या भाषेत तो एक सेंमी म्हणजे ३८ किलोमीटर निघतोय! १२:४५ ला सगळ्यात आखूड, ८२ सेंमी. उंची ५०.६५. सूर्य आज २०.६ दक्षिणेला. अक्षांश १८.७ आणि थोडं.

नाशिकवरून आळंदी-चाकणच्या मधे आलोय. द्राक्षं गेली.

---

राजस_ठाणे | १८ जानेवारी, दुपारी २:४०

काठीच्या टोकाला भोक पाडलेला पुठ्ठा लावा, उन्हाचा ठिपका पडेल, त्याचा मध्य मोजा. पुसट कडेची कटकट नाही. आणि मे महिन्यात करू नका, १३-१४ मेला पुण्यात सावलीच गायब असते आणि त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत सूर्य मध्यान्हीला उत्तरेला, तुमची वजाबाकी उलटी होईल.